डिलीट केलेला आधारचा फोटो आणि तीन कचरापेट्या: खानापूरच्या एका दुकानाचं प्रकरण

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर बाजारातल्या एका झेरॉक्स आणि ऑनलाइन सेवेच्या दुकानातलं हे प्रकरण आहे. नंदगड, जांबोटी, कणकुंबी भागातली माणसं इथे गृहलक्ष्मीचे पैसे का थांबले ते बघायला, उतारा काढायला, नाडकचेरीतल्या जात-उत्पन्न दाखल्याचा अर्ज भरायला येतात. आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक यांचे फोटो दुकानाच्या फोनवर काढायचे आणि लॅपटॉपवरून अर्जाला जोडायचे, अशी कामाची पद्धत. फोन अँड्रॉइडचा, त्यात फोन कंपनीची स्वतःची गॅलरी आणि सोबत गूगल फोटोज. गूगल फोटोजचं बॅकअप चालू होतं आणि लॅपटॉपच्या ब्राउझरमध्येही तेच खातं उघडं असायचं. केबल न लावता फोटो लॅपटॉपवर येतो, म्हणून ही सोय करून ठेवलेली.

एका बाईंचं काम संपल्यावर त्यांच्यासोबत आलेला भाचा म्हणाला, “दादा, मावशीच्या आधारचा फोटो आमच्यासमोर काढून टाका की.” दुकानदारानं गॅलरी उघडून फोटो डिलीट केला आणि फोन त्यांच्यापुढे धरला. “बघा मावशी, गेला.” भाच्याचं लक्ष मात्र लॅपटॉपकडे होतं. तिथे photos.google.com च्या पानावर सगळ्यात वरचा फोटो त्याच आधार कार्डाचा होता, आणि पान पुन्हा लोड केल्यावरही तो तिथेच राहिला.

दुकानदाराची नियत साफ होती. तरीही त्या क्षणी फोटो दोन ठिकाणी शाबूत होता आणि एकाही ठिकाणाहून कायमचा गेलेला नव्हता.

फोटो नेमका कुठे होता

फोटो काढल्यावर दुकानाच्या वाय-फायवरून मिनिटभरात त्याची प्रत गूगलच्या खात्यात गेली. तिथून पुढे फोनमधली फाइल आणि खात्यातली प्रत अशा दोन वेगळ्या वस्तू झाल्या. फोन कंपनीच्या गॅलरीला फक्त फोनमधली फाइल दिसते. तिथे डिलीट केल्यावर ती फाइल गॅलरीच्या स्वतःच्या कचरापेटीत गेली. या पेटीचं नाव कुठे “Recycle bin”, कुठे “Trash”, कुठे “Recently deleted” असतं, आणि बहुतेक फोनमध्ये फोटो तिथे 30 दिवस थांबतो. खात्यातली प्रत जागची हललीसुद्धा नाही, कारण तिला कुणी हात लावलाच नव्हता.

गूगल फोटोज उघडून तिथे डिलीट केलं असतं तर दोन्ही प्रती एकदम हलल्या असत्या. पण त्याही फक्त हलल्या असत्या, गेल्या नसत्या. बॅकअप झालेला फोटो गूगल फोटोजच्या पेटीत 60 दिवस राहतो. बॅकअप न झालेला, अँड्रॉइड 11 किंवा त्यापुढच्या फोनवर डिलीट केलेला फोटो 30 दिवस राहतो. भाषा भारतातली इंग्रजी निवडलेली असेल तर पेटीवर “Bin” लिहिलेलं दिसतं, अमेरिकेतली असेल तर “Trash”. वस्तू एकच.

तिसरी पेटी खुद्द अँड्रॉइडची आहे आणि ती कुठल्याच अ‍ॅपच्या नावानं दिसत नाही. अँड्रॉइड 11 पासून एखाद्या अ‍ॅपनं फोटो प्रणालीच्या पेटीत टाकला, तर फाइल होती त्याच फोल्डरमध्ये राहते आणि फक्त तिचं नाव बदलतं. सुरुवातीला टिंब लागतं म्हणून ती लपते, मग `trashed` हा शब्द येतो, मग दहा आकडी संख्या आणि शेवटी मूळ नाव:

```
.trashed-1767247200-IMG_20251202_112014.jpg
```

ही संख्या म्हणजे फाइल कधी मिटवायची ती वेळ, 1 जानेवारी 1970 पासूनच्या सेकंदांत मोजलेली. वरच्या संख्येचा अर्थ भारतीय वेळेनुसार 1 जानेवारी 2026, सकाळी 11.30. म्हणजे हा फोटो 2 डिसेंबर 2025 ला 11.20 वाजता काढला, दहा मिनिटांनी डिलीट केला, आणि त्यानंतर 30 दिवस तो पूर्ण आकारात फोनमध्येच पडून राहणार. गूगल फोटोजमधून डिलीट करताना बऱ्याच फोनवर “move this photo to trash?” अशी जी चौकट येते, ती हे नाव बदलण्याची परवानगी मागत असते.

लॅपटॉपवर adb, म्हणजे केबलवरून फोनला आज्ञा देणारं साधन, बसवलेलं असेल आणि फोनमध्ये यूएसबी डीबगिंग चालू असेल, तर अशा फाइली डोळ्यांनी बघता येतात:

```
adb shell find /sdcard/ -name ".trashed-*"
adb shell date -d @1767247200
```

`/sdcard/` च्या शेवटची तिरकी रेघ विसरू नये. ती नसली तर शोध आतच शिरत नाही आणि काही सापडलं नाही असा खोटा दिलासा मिळतो. दुसऱ्या ओळीत आपल्याला सापडलेली संख्या घालायची, म्हणजे तारीख-वेळ समोर येते. दुकानाच्या फोनवर पहिली ओळ चालवल्यावर कॅमेऱ्याच्या फोल्डरमधल्या अशा फाइलींची लांबलचक यादी आली. दुकानदार रोज संध्याकाळी दिवसभराचे फोटो गूगल फोटोजमधून एकगठ्ठा डिलीट करत असे. मागच्या 30 दिवसांतलं ते सगळं तिथे होतं.

पेटीनं किती जागा अडवली होती

याच दुकानाला आणखी एक त्रास होता, तो या शोधात उलगडला. खात्याची 15 जीबी जागा सतत भरल्याचा इशारा यायचा. ही 15 जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून असते. ती भरली की बॅकअप थांबतं आणि जीमेलवर पत्रं येणंही बंद होतं. रोज फोटो डिलीट करूनही जागा मोकळी होत नाही, हे दुकानदाराला कोडं वाटत होतं.

हिशेब साधा आहे. कागदाचा एक फोटो मूळ दर्जात सुमारे 4 एमबीचा. दिवसाला 40 फोटो म्हणजे 160 एमबी. 60 दिवसांत कामाचे दिवस 50 धरले तर पेटीत कायम 2000 फोटो आणि 8 जीबी साठून असणार. पेटीतले फोटो खात्याच्या जागेत मोजले जातात. रोज 40 नवे फोटो पेटीत येतात आणि दोन महिन्यांपूर्वीचे 40 बाहेर पडतात, त्यामुळे आकडा खाली येतच नाही. निम्म्याहून अधिक जागा दुसऱ्यांच्या आधार कार्डांनी आणि पासबुकांनी अडवली होती. त्यासाठी वाढीव जागेचे पैसे भरायचा विचार चालू होता.

याच गोंधळात दुकानदारानं “Free up space” हे बटणही बऱ्याचदा वापरलं होतं. त्याचं काम अगदी उलटं आहे. ते बॅकअप झालेल्या फोटोंची फोनमधली प्रत काढतं आणि खात्यातली ठेवतं. फोन हलका होतो, ग्राहकाचा कागद मात्र खात्यात तसाच राहतो. फोटो नाहीसा करायचा असेल तर या बटणाकडे जायचंच नाही.

त्या दिवशी काय केलं

भाचा आणि मावशी समोर असतानाच पुढचं काम झालं. आधी फोनला नेट आहे याची खात्री केली. नेट नसताना डिलीट केलं तर फोनच्या पडद्यावरून फोटो जातो, पण खात्याला ते नेट आल्यावरच कळतं. जांबोटीच्या पुढे जंगलपट्ट्यात रेंज येत-जात असते, तिथल्या दुकानांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

मग गूगल फोटोजमध्ये तो फोटो उघडून डिलीट केला. फोनमधली फाइल गॅलरीनं आधीच उचललेली असल्यानं इथे फक्त खात्यातली प्रत पेटीत गेली. खालच्या पट्टीतल्या “Collections” मध्ये जाऊन “Bin” उघडली. फोटोवर बोट दाबून धरून तो एकच निवडला, “Delete” दाबलं आणि कायमचं काढण्याबद्दलच्या प्रश्नाला होकार दिला. इथे “Restore” चं बटणही शेजारीच असतं. घाईत ते दाबलं गेलं तर फोटो पुन्हा मूळ जागी जाऊन बसतो.

त्यानंतर फोन कंपनीच्या गॅलरीत जाऊन तिची पेटी उघडली आणि तिथूनही तोच फोटो काढला. हा भाग बहुतेक जण विसरतात, कारण गूगल फोटोजची पेटी रिकामी केली की काम झालं असं वाटतं. गॅलरीनं स्वतःच्या पेटीत टाकलेल्या फाइलीवर गूगल फोटोजचा ताबा नसतो. वरची adb ची ओळही अशा फाइली दाखवतेच असं नाही, कारण काही कंपन्या आपली पेटी वेगळ्या लपवलेल्या फोल्डरमध्ये आणि वेगळ्या नावांनी ठेवतात. म्हणून ती पेटी हातानंच उघडून बघावी लागते.

शेवटी लॅपटॉपवर पान पुन्हा लोड करून मुख्य यादी आणि डाव्या बाजूची पेटी दोन्ही बघितल्या. फोटो दोन्हीकडे नव्हता. ग्राहकाला दाखवायचा पुरावा हाच. फोनच्या एका अ‍ॅपमध्ये दिसत नाही, एवढ्यावर भागत नाही.

त्या दिवसापासून दुकानात एकच नियम धरला: डिलीट करायचं ते गूगल फोटोजमधूनच, गॅलरीतून नाही. मग फोनची आणि खात्याची अशा दोन्ही प्रती एकाच पेटीत येतात आणि एकाच ठिकाणाहून मिटवता येतात. परवानगीची चौकट आली की “Allow” दाबायचं. “Deny” दाबलं तर फोनमधली फाइल जागेवरच राहते.

2000 फोटोंची पेटी

संध्याकाळी जुना साठा काढायचा होता. त्यासाठी “Bin” मध्ये वरच्या तीन टिंबांत “Empty bin” आहे. हे बटण सगळं सरसकट घालवतं, निवड विचारत नाही. दुकानाचा आणि घरचा फोन एकच असेल तर इथे नुकसान होऊ शकतं, आणि या दुकानात ते थोडक्यात टळलं. एकगठ्ठा निवडताना बोट वर-खाली सरकलं की मधले घरचे फोटोही निवडले जातात. पेटी वरपासून खालपर्यंत नजरेखालून घातल्यावर आधारांच्या रांगेत घरच्या लग्नातले काही फोटो निघाले. ते आधी “Restore” केले, यादीत परत आल्याचं पाहिलं आणि मगच पेटी रिकामी केली. गूगल फोटोजची पेटी रिकामी झाल्यावर ते फोटो आपल्याला परत मिळवता येत नाहीत, म्हणून ही नजर टाकायला पंधरा मिनिटं लागली तरी टाकावी.

मोठी पेटी रिकामी करताना फोन चार्जरला लावून, पडदा चालू ठेवून, अ‍ॅप समोर ठेवावं. मध्येच दुसऱ्या अ‍ॅपमध्ये गेल्यावर काम अर्धवट राहिल्यासारखं वाटलं, तर पेटी पुन्हा उघडून उरलेले फोटो काढता येतात. खात्याच्या जागेचा आकडा मात्र लगेच खाली येत नाही, त्याला एखादा दिवस लागू शकतो. दुकानदारानं दहा मिनिटांनी आकडा बघितला, तो तसाच होता, आणि काहीतरी चुकलं म्हणून तो पुन्हा शोधाशोध करायला लागला. तशी गरज नव्हती. पेटी रिकामी दिसते आणि लॅपटॉपवरही रिकामी दिसते, एवढं पुरेसं आहे. फोनमधली जागा मात्र लगेच मोकळी झालेली दिसते, आणि adb ची पहिली ओळ पुन्हा चालवल्यावर यादी रिकामी येते.

“लगेच” म्हणजे किती लगेच

ग्राहकाला काय सांगायचं, हे इथे नीट ठरवायला हवं. पेटी रिकामी केल्याक्षणी तो फोटो दुकानदाराला, त्याच्या खात्यात शिरणाऱ्या कुणालाही आणि फोन हातात घेणाऱ्याला दिसत नाही. गूगलच्या सर्व्हरवरून तो त्याच मिनिटाला पुसला जात नाही. गूगलनंच जाहीर केल्याप्रमाणे पूर्ण पुसण्याला साधारण दोन महिने लागतात, आणि त्यांच्या राखीव बॅकअपमध्ये माहिती सहा महिन्यांपर्यंत राहू शकते. दुकानाच्या हातात जेवढं आहे तेवढंच सांगावं: “मावशी, आमच्या फोनमधून आणि आमच्या खात्यातून गेला.” यापुढचं वचन देऊ नये.

फोनच्या आतल्या साठ्याबद्दल लोकांना उगाच जास्त भीती असते. अँड्रॉइड 10 पासून बाजारात आलेल्या फोनमध्ये साठा कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा, असणं बंधनकारक आहे. अशा फोनमध्ये पेटीतून कायमची काढलेली फाइल परत आणण्याचा दावा करणारी अ‍ॅप्स बहुधा कुठल्यातरी पेटीत उरलेले फोटो किंवा छोट्या आकाराच्या झलकप्रतीच दाखवतात. तसं अ‍ॅप चालवून पूर्ण आकाराचा फोटो सापडलाच, तर एखादी पेटी रिकामी करायची राहिली असं समजावं.

मेमरी कार्डाची गोष्ट वेगळी आहे. कॅमेऱ्याचे फोटो कार्डवर साठवायची सेटिंग असेल, तर ते कार्ड सहसा कूटबद्ध नसतं. फाइल मिटवल्यावर फक्त तिची नोंद जाते आणि मजकूर त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत कार्डवर राहतो. फोटोरेक हा मोफत प्रोग्राम असे फोटो सहज बाहेर काढतो. म्हणून ग्राहकांचे कागद कार्डवर साठवू नयेत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये साठवण्याची जागा फोनचीच ठेवावी. आधीच साठलेले असतील तर कार्ड विंडोजच्या लॅपटॉपला लावून “Quick Format” वरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावं. त्याला वेळ लागतो, कारण तो अख्ख्या कार्डवर शून्यं लिहितो. खूण तशीच ठेवून केलेला फॉरमॅट दोन सेकंदांत संपतो आणि फोटो परत निघू शकतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले कागद

निम्मे ग्राहक कागद फोनवर दाखवत नाहीत, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून देतात. तो फोटो चॅटमध्ये असतो आणि फाइल `Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Images` या फोल्डरमध्ये असते. गूगल फोटोजमध्ये या फोल्डरचं बॅकअप चालू असेल तर तिसरी प्रत खात्यात जाते. चॅटमधला संदेश डिलीट करताना फोनमधली फाइलही काढायची का, अशी चौकट येते. त्या खुणेकडे बघूनच पुढे जावं. पण चॅटमधून काढल्यानं खात्यात आधीच गेलेली प्रत जात नाही, ती गूगल फोटोजमधूनच काढावी लागते. म्हणून गूगल फोटोजच्या बॅकअप सेटिंगमधल्या फोनच्या फोल्डरांच्या यादीत जाऊन व्हॉट्सअ‍ॅपचं फोल्डर बंदच ठेवावं. कॅमेऱ्याच्या फोल्डरला मात्र ही सूट नाही. बॅकअप चालू असलं की ते जातंच. ग्राहकाच्या स्वतःच्या फोनमधल्या चॅटमध्येही तो फोटो असतो, आणि तो काढणं त्याच्या हातात आहे.

लॅपटॉपचं “Downloads” फोल्डरही विसरू नये. अर्जाला जोडण्यासाठी उतरवून घेतलेली प्रत तिथेच असते. विंडोजमध्ये ती निवडून Shift + Delete दाबलं की ती रीसायकल बिनमध्ये न जाता थेट जाते.

त्यानंतरची व्यवस्था

दुकानानं शेवटी कामासाठी जुना, दुसरा फोन बाजूला काढला. त्यात घरचं खातं नाही आणि गूगल फोटोजचं बॅकअप बंद. फोटो लॅपटॉपवर केबलनं घेतात. प्रत खात्यात जातच नसल्यानं 60 दिवसांचा प्रश्नच उरला नाही. ग्राहकाचं काम संपलं की फोटो गूगल फोटोजमधून डिलीट करून लगेच पेटीतून काढतात, “Downloads” मधली प्रतही. या फोनमध्ये घरचं काही नसल्यानं रोज दुकान बंद करताना “Empty bin” बिनधास्त दाबता येतं. “Locked Folder” वापरून बघायचा विचारही झाला होता, पण त्यातला फोटो दुसऱ्या अ‍ॅपला किंवा ब्राउझरला दिसत नाही, त्यामुळे अर्जाला जोडता येत नाही. या कामाला तो उपयोगाचा नाही.

आयफोन घेऊन येणारे ग्राहक थोडे असले तरी त्यांना आपल्या फोनमधून कागदाचा फोटो काढायचा असेल, तर फोटोज अ‍ॅपमध्ये खाली “Utilities” मध्ये “Recently Deleted” आहे. तिथे फोटो 30 दिवस दिसतात, क्वचित 40 दिवसांपर्यंतही राहतात. आयओएस 16 पासून हा अल्बम चेहरा, बोट किंवा पासकोड दिल्याशिवाय उघडत नाही, म्हणून ग्राहकालाच उघडायला सांगावं. त्याचा पासकोड विचारू नये. आयक्लाउड फोटोज चालू असेल तर तिथून काढलेला फोटो त्याच खात्यावरच्या घरच्या आयपॅडवरूनही जातो, हे बटण दाबायच्या आधी त्याला सांगावं.